धागा: केटलचं कंडेन्सेट परत फिरवलं आणि बॅच २० मिनिटांवरून ३५ वर गेली. ट्रॅप चुकला की लाइन?

पल्पवाला_रत्नागिरी

रत्नागिरीजवळ आमचं आंब्याच्या पल्पचं छोटं युनिट आहे. बॉयलर ६०० किलो तासाचा, ब्रिकेटवर चालतो. बॉयलरला ७ किलो प्रेशर, प्रेशर उतरवणाऱ्या वॉल्व्हनंतर, म्हणजे पीआरव्हीनंतर, केटलना ३ किलो. दुहेरी भिंतीच्या, म्हणजे जॅकेटच्या, तीन केटल, प्रत्येकीत ३०० किलो पल्प, ३० अंशांवरून ९० वर न्यायचा.

आजवर केटलच्या खाली वाफ अडवून फक्त पाणी सोडणारा ट्रॅप नव्हताच. ड्रेनचा वॉल्व्ह चिमटीभर उघडा ठेवायचा, पाणी आणि थोडी वाफ गटारात. वाया जातंय हे दिसत होतं, पण बॅच २० मिनिटांत निघायची. गेल्या सीझनच्या शेवटी एका पुरवठादाराने सांगितलं की ट्रॅप बसवा, पाणी बॉयलरच्या फीड टँकला न्या, ब्रिकेट वाचतील. म्हणून ३ नंबरच्या केटलवर प्रयोग केला. अर्धा इंची टीडी, म्हणजे चकतीवाला, ट्रॅप, पुढे एक इंची लाइन, ती भिंतीवरून छपराच्या कैचीपर्यंत साडेचार मीटर वर आणि तिथून आडवी जाऊन फीड टँकमध्ये.

बॅच ३५ मिनिटांवर गेली. शिवाय दुसऱ्या बॅचच्या सुरुवातीला जॅकेटमधून दणके बसतात. पुरवठादार म्हणतो बॉयलरचं प्रेशर पडतंय. गेज बघितला, पडत नाही.

सीझनच्या आधी तिन्ही केटलचं काम करून टाकायचं आहे. ट्रॅप मोठा घेऊ की लाइन मोठी घेऊ?

हवाबंद

कंडेन्सेट लाइनला उतार द्या, बाकी काही नाही. आमच्या ऑफिसात तीन स्प्लिट एसींचं पाणी एकाच पाऊण इंची पाइपात सोडलं होतं, उलटं येऊन भिंत भिजली. उतार दिला, काम झालं.

पल्पवाला_रत्नागिरी

दादा, हे एसीचं पाणी नव्हे. इथे वाफेचं पाणी झालेलं असतं, १४० च्या पुढच्या तापमानाचं.

हवाबंद

अरेच्चा. मग मी गप्प बसतो. पण उतार द्याच.

पाइपवाला_मिरज

लाइनचं गणित सोपं आहे. ३०० किलो पल्प ६० अंश वर न्यायला साधारण ३२ किलो वाफ लागते, भांड्याची तापणी धरून ३६. तीन केटल म्हणजे तासाला तीन-सव्वातीनशे लिटर पाणी. एवढं पाणी अर्ध्या इंचातूनसुद्धा आरामात जातं. तुमची एक इंची लाइन गरजेपेक्षा मोठीच आहे, तिला हात लावू नका. ट्रॅप एक इंची टाका, प्रश्न मिटेल.

निवृत्त_बॉयलरवाला

मिरजकर, वाफेचा हिशोब बरोबर केलात. लाइनचा चुकला, आणि तोच सगळीकडे चुकतो.

ट्रॅपच्या अलीकडे ३ किलोला पाणी १४४ अंशांवर असतं. ट्रॅपच्या पलीकडे प्रेशर जवळपास नाही. उघड्या हवेत पाणी १०० च्या वर राहूच शकत नाही, त्यामुळे जास्तीची उष्णता त्यातल्याच थोड्या पाण्याची परत वाफ करते. किती? ३ किलोचं पाणी किलोमागे ६०५ किलोज्यूल घेऊन येतं, उघड्यावरचं ४१९ धरू शकतं, आणि एक किलो वाफ करायला २२५७ लागतात.

```
(605 - 419) / 2257 = 0.082
```

म्हणजे सव्वाआठ टक्के. वजनाने क्षुल्लक वाटतं. पण उघड्यावरची एक किलो वाफ १.६७ घनमीटर जागा घेते. आता तुमची केटल बघा. २० मिनिटांत ३६ किलो, म्हणजे तासाला ११० च्या दराने. थंड जॅकेटवर पहिल्या काही मिनिटांत हाच दर दुप्पट, कधी त्याहून जास्त. तुमची माणसं तिन्ही केटल एकदम सुरू करत नसतील असं धरतो. एक सुरुवातीला, दोन चालू, म्हणजे २२० अधिक २२०, तासाला ४४० किलो.

```
440 x 0.082 = 36 kg/h
36 x 1.67   = 60 m3/h
```

पाणी उरलं ४०४ किलो, त्याची जागा अर्ध्या घनमीटरपेक्षा कमी. वाफेची ६०. तेव्हा तुमच्या पाइपातून आकाराने बघाल तर वाफच जाते आणि तळाशी पाण्याचा एक ओघळ वाहतो. या लाइनला पाण्याची लाइन म्हणून मोजलं की फसगत ठरलेली.

वेग सेकंदाला १५ मीटरच्या आत ठेवतो आम्ही. एक इंची पाइपात या ६० घनमीटरला ३० मीटर वेग लागेल. दीड इंचीत पावणेतेरा. म्हणून तिन्ही केटलच्या कॉमन लाइनला दीड इंची.

पाइपवाला_मिरज

मान्य, ही परत होणारी वाफ, म्हणजे फ्लॅश, धरला नव्हता. पण त्यांची सध्या एकच केटल जोडलेली आहे. तुमच्याच हिशोबाने सुरुवातीचा २२० चा लोड धरला तरी एक इंचीत वेग १५ च येतो. मग ३५ मिनिटं कशी?

निवृत्त_बॉयलरवाला

रास्त प्रश्न. लाइनची जाडी हे त्यांच्या आजच्या दुखण्याचं कारण नाही, तिन्ही केटल जोडल्या की उद्या होईल. आजचं कारण मला दोन ठिकाणी दिसतं. पल्पवाले, एक सांगा. पल्प ८५ च्या पुढे गेला की तुमचा माणूस वाफेचा वॉल्व्ह दाबून घेतो का?

पल्पवाला_रत्नागिरी

हो, घ्यावाच लागतो. नाहीतर कडेला लागतो, करपतो, रंग काळपट होतो. शेवटची सात-आठ मिनिटं जॅकेटचा गेज पाव-अर्ध्या किलोवर असतो, कधी काटा हलतच नाही.

निवृत्त_बॉयलरवाला

मग झालं. पाणी साडेचार मीटर वर चढवायला ४५० ग्रॅम प्रेशर नुसतं उंचीसाठीच लागतं. लाइनचं घर्षण वेगळं. जॅकेटमध्ये पाव किलो असताना पाणी चढणार कशाने? ते जॅकेटमध्येच साठतं. खालचा अर्धा जॅकेट पाण्याने भरला की तेवढा पत्रा वाफेला मिळतच नाही. पुढची बॅच सुरू करताना त्या गार पाण्यावर ३ किलोची वाफ सोडता, तोच तुमचा दणका. सुरुवातीलासुद्धा थंड जॅकेट वाफ गिळत असतो, तेव्हा आत प्रेशर उभंच राहत नाही. पाणी सर्वात जास्त होतं तेव्हाच ढकलायला जोर सर्वात कमी. केटलच्या ट्रॅपची खरी परीक्षा या पाच मिनिटांत असते, ३ किलोला नव्हे.

ऊर्जाताई

काकांचं उंचीचं म्हणणं पटतं, पण टीडीलाही सोडू नका. मी ऑडिटला जाते तिथे दर दुसऱ्या केटलखाली टीडीच सापडतो, कारण तो स्वस्त आणि मुठीएवढा. मेन लाइनच्या ड्रेनला तो उत्तमच. केटलला नाही, आणि त्याचं कारण हवा. सकाळी जॅकेटमध्ये हवा भरलेली असते. वाफ सोडली की ती जोरात ट्रॅपकडे धावते, टीडीची चकती तिला वाफच समजते आणि बंद होते. मग हवा आत कोंडते, जॅकेटच्या पत्र्याला चिकटून बसते आणि गेज ३ किलो दाखवत असूनही पल्प तापत नाही. शिवाय टीडीला अलीकडे साधारण पाव किलो तरी प्रेशर लागतं, आणि पलीकडचं प्रेशर अलीकडच्याच्या ८० टक्क्यांवर गेलं की चकती नीट बसत नाही. तुमच्या शेवटच्या सात मिनिटांत दोन्ही अटी मोडतात.

अंदाजावर खर्च करू नका, दोन बॅचचा वेळ द्या. पहिली बॅच ट्रॅपनंतरचं युनियन सोडून, ट्रॅपचं तोंड थेट गटारात, लाइन बाजूला. दुसरी बॅच ट्रॅपही बाजूला, बायपास चिमटीभर उघडा, पूर्वीसारखा. दोन्हींचा वेळ लिहून ठेवा. उकळतं पाणी उडतं, नळीला पाइप लावून खाली तोंड करून घ्या आणि माणूस बाजूला उभा करा.

सायझिंग_इचलकरंजी

आमच्याकडे सायझिंग मशीनचे वाळवणीचे सिलिंडर आहेत, केटल नाही, पण दुखणं असंच. एक सिलिंडर नेहमी गार. ट्रॅप तीन वेळा बदलला. शेवटी एका जुन्या फिटरने सांगितलं की सिलिंडरच्या आत पाणी उचलायला सायफनची नळी असते, त्या नळीत वाफ अडकते. ट्रॅपला वाटतं वाफ आली, तो बंद. अडकलेली वाफ गार होईपर्यंत तो उघडत नाही आणि सिलिंडरमध्ये पाणी साठत राहतं. स्टीम लॉक म्हणतात त्याला. तरंगत्या गोळ्याच्या फ्लोट ट्रॅपमध्येच एक बारीक सुईचा वॉल्व्ह मिळतो, स्टीम लॉक रिलीज, तो किंचित उघडा ठेवला की अडकलेली वाफ सरकते. तुमच्या केटलला हे लागू आहे का बघा.

पल्पवाला_रत्नागिरी

२ आणि ३ नंबर पक्क्या आहेत, ड्रेन तळातून. १ नंबर मात्र कलती आहे, कानातून वाफ जाते आणि दुसऱ्या कानातून नळीने पाणी बाहेर येतं.

निवृत्त_बॉयलरवाला

इचलकरंजीकरांनी बरोबर ओळखलं. १ नंबरला पाणी तळातून उचलून कानापर्यंत वर यावं लागतं, तीच सायफनची गोष्ट. तिला सुईवाला फ्लोट घ्या. २ आणि ३ ला साधा फ्लोट, आतल्या एअर व्हेंटसकट. आणि तिन्हींना वेगवेगळा ट्रॅप. एकाच ट्रॅपवर तिन्ही नळ्या आणल्यात तर जिचं प्रेशर जास्त ती बाकीच्या दोघींचं पाणी अडवून धरेल.

ऊर्जाताई

फ्लोट घेताना पाइपचा आकार सांगून मोकळे होऊ नका. एकाच अर्ध्या इंची फ्लोटमध्ये आतलं छिद्र प्रेशरप्रमाणे वेगळं येतं, साडेचार किलोचं, दहाचं, चौदाचं. प्रेशर जास्त तसं छिद्र लहान, कारण फ्लोटला तेवढा जोर लावून ते उघडायचं असतं. तुमच्या ३ किलोला साडेचारवालं घ्या, पाणी जास्त सोडेल. दुकानदार 'दहावालं घ्या, सेफ साइड' म्हणेल, ऐकू नका. क्षमता बघताना तक्त्यात अर्ध्या किलोच्या फरकासमोरचा आकडा बघा आणि तो ३०० किलोच्या आसपास आहे का तपासा. अर्ध्या इंचीत बसत नसेल तर पाऊण इंची.

पाइपवाला_मिरज

ताई, इथे मी अडतो. पीआरव्ही बिघडला आणि पलीकडे ७ किलो आलं तर साडेचारवाला फ्लोट उघडणारच नाही. जॅकेट पाण्याने भरेल. दहावाल्यात ही भीती नाही.

ऊर्जाताई

पीआरव्हीनंतर सेफ्टी वॉल्व्ह हवाच, तो जॅकेटसाठी, ट्रॅपसाठी नाही. तो साडेतीन-चारला सेट असेल तर ७ येणारच नाही.

पाइपवाला_मिरज

असायला हवा हे खरं. असतो का, हे तुम्ही ऑडिटला जाता तेव्हा बघताच. पल्पवाले, तुमच्याकडे आहे का?

पल्पवाला_रत्नागिरी

आहे. शेवटचा कधी उडाला ते मात्र कोणालाच आठवत नाही.

पल्पवाला_रत्नागिरी

चाचणी झाली. सीझन नसल्यामुळे पल्पऐवजी ३०० लिटर पाणी घेतलं. शेवटी वॉल्व्ह दाबायचं काम मात्र पल्पसारखंच केलं.

ट्रॅप आणि लाइन दोन्ही जोडलेले: ३६ मिनिटं.
ट्रॅपचं तोंड गटारात, लाइन सुटी: २७ मिनिटं.
ट्रॅपही बाजूला, बायपास चिमटीभर: २१ मिनिटं.

निवृत्त_बॉयलरवाला

मस्त. ३६ पैकी नऊ मिनिटं चढावाची आणि सहा टीडीची. आता 'बॉयलरचं प्रेशर' म्हणणाऱ्याला हा कागद दाखवा.

चढावावर माझं मत असं. केटलपासून कुठेही वर चढायचं नाही. ट्रॅपमधून दीड इंची लाइन सत्तरात एकच्या उताराने खाली एका टाकीत, टाकीला दोन इंची व्हेंट छपराबाहेर. प्रत्येक ट्रॅपची नळी कॉमन लाइनला वरून जोडायची, खालून नाही. टाकीतून पंपाने फीड टँकला. आणि गंमत म्हणजे पंपापुढच्या लाइनमध्ये फ्लॅश नसतो, नुसतं पाणी, म्हणून तुमची एक इंची लाइन तिथे चालते. पंप तासाला दोन हजार लिटरचा घेतलात तरी वेग सेकंदाला मीटरभरच. मिरजकर, तिथे तुमचं पाण्याचं गणित शंभर टक्के लागू. फक्त पंपाच्या क्षमतेवर मोजायचं, केटलच्या सरासरीवर नाही, कारण पंप थांबून थांबून चालतो.

त्या पंपाच्या लाइनला वाटेतला एकही ट्रॅप जोडू नका. मेन हेडरचा ड्रेन जवळून जातो म्हणून मोह होतो. पाण्याने भरलेल्या पाइपात फ्लॅश सोडला की जॅकेटमधले दणके बरे वाटतील.

सायझिंग_इचलकरंजी

पंपाचं जरा जपून. आमचा मोनोब्लॉक पहिल्या महिन्यातच खडखडायला लागला, आत खडे टाकल्यासारखा. टाकी आणि पंप एकाच पातळीवर होते, पाणी ९५ च्या पुढे. पंपाच्या तोंडाशीच पाण्याची वाफ व्हायची. इम्पेलर खाल्ला.

निवृत्त_बॉयलरवाला

म्हणून टाकी वर आणि पंप खाली, मधे निदान दीड-दोन मीटर. सक्शन लाइन मोठी, वळणं कमी. नक्की किती ते पंपाच्या कागदावर बघायचं, गरम पाण्यासाठी विचारून.

पल्पवाला_रत्नागिरी

काका, केटलचा ड्रेन जमिनीपासून फूटभर वर. टाकी त्याच्या खाली आणि पंप टाकीच्या खाली म्हणजे मला विहीरच खणावी लागेल. कोकणात जांभा फोडायचा आणि पावसाळ्यात खड्डा भरणार तो वेगळा.

ऊर्जाताई

मग वाफेवर चालणारा पंप बघा. त्यात इम्पेलर नाही, त्यामुळे खडखडाटही नाही. टाकी भरली की वाफ पाणी ढकलते. महाग आहे, पण त्याला फुटभर-दोन फूट उंची पुरते. किंवा केटलचे ओटे दोन फूट उचला, ते तुमच्या हातात आहे.

निवृत्त_बॉयलरवाला

वाफेचा पंप मी दोन ठिकाणी बंद पडलेला पाहिलाय. आतली स्प्रिंग गेली की गावात दुरुस्ती नाही. मी ओटे उचलीन.

ऊर्जाताई

आणि मी चार ठिकाणी नीट चाललेला पाहिलाय. वर्षातून एकदा उघडून साफ केला तर.

कोकणी_केमिस्ट

एक विसरलात सगळे. पल्प आहे, साखर आणि आम्ल दोन्ही. केटलच्या आतल्या पत्र्याला सुईएवढं भोक पडलं तर वाफ चालू असताना वाफ पल्पमध्ये जाईल. पण वाफ बंद करून जॅकेट गार झालं की आत निर्वात होतो आणि पल्प जॅकेटमध्ये ओढला जातो. तो आता गटारात नाही, बॉयलरमध्ये जाणार. फेस येतो, पाणी वाफेबरोबर उडतं. जॅकेटला व्हॅक्यूम ब्रेकर लावा आणि परतीच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी पीएच आणि टीडीएस मीटरने बघा. चांगलं कंडेन्सेट जवळजवळ शुद्ध पाणी असतं. टीडीएसचा आकडा एकदम वर गेला तर त्या दिवशी पाणी गटारात, आणि केटल तपासायची.

पल्पवाला_रत्नागिरी

हे कोणीच सांगितलं नव्हतं. १ नंबरच्या वेल्डवर मला आधीपासून शंका आहे. ती पहिल्यांदा पाण्याच्या प्रेशरवर तपासून घेतो, तोवर परतीला जोडत नाही.

नवखा_डिप्लोमा

ट्रॅप गळतो की नाही ते तापमानाच्या बंदुकीने कळतं ना? दोन्ही बाजूंना सारखं तापमान म्हणजे गळका?

ऊर्जाताई

अर्धं खरं. अलीकडची बाजू गार असेल तर ट्रॅप तुंबलाय किंवा बंद आहे, हे बंदूक नक्की सांगते. पण पलीकडे फ्लॅशमुळे शंभरच्या आसपास असतंच, ट्रॅप चांगला असो वा गळका. ट्रॅपनंतर चाचणीचा एक नळ ठेवा आणि उघडून बघा. फ्लॅश सुस्त, पांढरा, पाण्यासकट येतो. खरी वाफ तोंडाशी बोटभर दिसतच नाही, मग पांढरी होते, आणि सूं आवाज सलग. हेडरच्या टीडीला कान लावा. मिनिटाला चार-सहा टकटक ठीक, शिलाई मशीनसारखा वाजायला लागला तर चकती गेली.

पाइपवाला_मिरज

पल्पवाले, हे सगळं करून किती ब्रिकेट वाचतील ते विचारलंच नाहीत.

ऊर्जाताई

फीडचं पाणी ६ अंश वर गेलं की इंधन साधारण एक टक्का कमी. आज तुमचं २८-३० अंशांचं जातं. ७५ पर्यंत आणलंत तर साडेसात टक्के, शिवाय चिमटीभर उघड्या वॉल्व्हमधून जाणारी वाफ थांबेल ती वेगळी, आणि माझ्या अंदाजाने तीच जास्त असेल. ७५-८० च्या वर मात्र घाईने जाऊ नका, बॉयलरचा फीड पंपही इचलकरंजीच्या मोनोब्लॉकसारखा खडखडेल. तुमची फीड टाकी पंपाच्या किती वर आहे?

पल्पवाला_रत्नागिरी

सव्वा मीटर.

तूर्त ठरलं ते असं. २ आणि ३ ला साडेचारवाला फ्लोट, तक्ता बघून पाऊण इंची. १ नंबर चाचणीनंतर. दीड इंची लाइन उताराने. ओटे की वाफेचा पंप हे गवंड्याचा आणि पंपाचा, दोन्ही दर आले की बघतो. ३ नंबरला एका मित्राकडून मागून आणलेला फ्लोट काल लावून बघितला, तोंड गटारात ठेवून. २२ मिनिटं, आणि दुसऱ्या बॅचला दणका नाही.

हवाबंद

उतार दिला ना शेवटी!